मॅट टोट बॅगेवर लोगो बसवताना: आधी माप, मग कोन, मग चुण्या

टोट बॅगेच्या मॉकअपवरचा लोगो वरून चिकटवल्यासारखा दिसला की दोष सावलीला दिला जातो. मग Multiply लावून बघणे, कापडाचा पोत वर टाकणे, कडा धूसर करणे असे उपाय सुरू होतात. चूक बहुतेक वेळा त्याच्या बरीच आधी झालेली असते. लोगो थेट फोटोवर टाकलेला असतो, अंदाजाने लहान-मोठा केलेला असतो आणि एक कोपरा ओढून तिरका केलेला असतो. माप आणि कोन दोन्ही डोळ्यांवर सोडल्यावर पुढे कितीही चांगली सावली दिली तरी लोगो कापडावर बसत नाही.

यावर उपाय असा की फोटोवर लोगो बसवायचाच नाही, बॅगेचा अख्खा दर्शनी भाग बसवायचा. त्या भागाची सपाट फाइल खऱ्या मापाच्या प्रमाणात करायची, लोगो तिथे सेंटिमीटर मोजून ठेवायचा आणि मग त्या फाइलचे चार कोपरे फोटोतल्या बॅगेच्या चार कोपऱ्यांशी जुळवायचे. खालच्या पायऱ्या फोटोशॉपसाठी आहेत. उदाहरणाला एकच बॅग धरली आहे: नैसर्गिक फिक्या रंगाचे सुती कॅनव्हास, ३८ सेंमी रुंद, ४२ सेंमी उंच, थोडी डावीकडून टिपलेली, बंदांवर लटकवलेली. फोटो ४००० × ५००० पिक्सेलचा आहे.

## १. आलेली लोगो फाइल तपासा

लोगो व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे एआय, एसव्हीजी, ईपीएस किंवा व्हेक्टर पीडीएफ, असा मागून घ्या. पीडीएफ असली म्हणजे ती व्हेक्टर असतेच असे नाही. आत नुसते चित्रही डकवलेले असू शकते, म्हणून ८०० टक्क्यांपर्यंत झूम करून कड बघा. जेपीजीच मिळाली असेल तर ती मोठी करून किंवा स्वतः गिरवून वापरू नका. अक्षरांची वळणे बदलतात आणि ग्राहकाला ते पहिल्या नजरेत कळते.

नंतर तीन गोष्टी बघा. अक्षरे आउटलाइन केलेली आहेत का, पार्श्वभूमी खरोखर पारदर्शक आहे का, आणि लोगोभोवती फाइलमध्येच रिकामी जागा सोडलेली आहे का. ही तिसरी गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते. फाइलमध्ये डावीकडे जास्त मोकळी जागा असेल तर Align ने मध्यावर आणलेला लोगो प्रत्यक्षात उजवीकडे सरकलेला असतो. अशी जादा जागा आधीच कापून टाका.

रंगाचे आकडेही आत्ताच टिपून ठेवा. आपल्या उदाहरणात लोगोचा निळा आरजीबीमध्ये ०, ९०, १६० आहे. पाचव्या टप्प्यात हाच आकडा लागेल.

तपासणी: लोगो एकदा भडक लाल पार्श्वभूमीवर ठेवून बघा. पांढरी चौकट किंवा अक्षरांच्या पोटात अडकलेला पांढरा रंग लगेच दिसतो.

## २. दर्शनी भागाची सपाट फाइल करा

नवी फाइल पारदर्शक पार्श्वभूमीवर ३८०० × ४२०० पिक्सेलची घ्या, म्हणजे १ सेंमीला १०० पिक्सेल. आपल्या फोटोत बॅगेची उंची साधारण २१०० पिक्सेल भरते, म्हणजे तिथे १ सेंमीला ५० पिक्सेल पडतात. सपाट फाइल दुप्पट असल्यामुळे फोटोवर येताना लोगो लहान होईल, ताणला जाणार नाही.

या फाइलमध्ये सर्वांत आधी जुळणीची रेघाटी काढा. दर २ सेंमीला, म्हणजे २०० पिक्सेलला, एक उभी आणि एक आडवी रेघ. वरच्या दुमडीची शिलाई ३ सेंमीवर असेल तर तिथे वेगळ्या रंगाची रेघ. बंद जिथे शिवलेले आहेत ते चौकोनही त्यांच्या मापाने काढा. आपल्या बॅगेत त्यांची बाहेरची कड बाजूच्या शिवणीपासून ९ सेंमीवर आहे आणि शिलाई वरून ५ सेंमीपर्यंत उतरते. हे चौकोन पुढे फार कामाला येतात.

आता लोगो ठेवा. बॅग ३८ सेंमी रुंद आहे म्हणून लोगो ३४ सेंमी करण्याचा मोह होतो, आणि इथेच मॉकअप खोटा पडतो. शिवणीजवळचे कापड मागे वळलेले असते, शिवाय शिवणीच्या जाडीमुळे तिथे छापणेही अवघड असते. आपला लोगो रुंदीला उंचीच्या दुप्पट आहे, म्हणून तो २२ × ११ सेंमी घेतला, म्हणजे २२०० × ११०० पिक्सेल. डावी-उजवीकडे ८०० पिक्सेल उरतात. वरची कड १३०० पिक्सेलवर ठेवली. अशाने बंदांच्या शिलाईपासून ८ सेंमी मोकळे राहतात आणि लोगोचा मध्य वरून १८.५ सेंमीवर येतो, म्हणजे बॅगेच्या मध्याच्या अडीच सेंमी वर. हे मुद्दाम केले आहे. लटकलेल्या बॅगेचा खालचा भाग फुगतो, त्याला चुण्या पडतात आणि बरोब्बर मध्यावर ठेवलेला लोगो घसरल्यासारखा दिसतो.

छपाईचे माप ग्राहकाने दिले असेल तर अर्थातच तेच वापरा. ते डोळ्यांना लहान वाटले तरी मॉकअपमध्ये परस्पर वाढवू नका.

सावध: बॅगेला तळपट्टी असेल तर दर्शनी भाग तिच्या शिवणीपाशी संपतो. तळपट्टी धरून मोजलेली उंची वापरली तर लोगो उभा दबतो.

## ३. चार कोपरे जुळवा

सपाट फाइल फोटोवर File > Place Embedded ने आणा. ती स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून येते, म्हणून कोपरे कितीदाही हलवले तरी दर्जा टिकतो. लेअरची अपारदर्शकता ५० टक्के करा, Ctrl+T दाबा, उजव्या क्लिकमधून Distort निवडा आणि एकेक कोपरा जागेवर न्या.

इथला अवघड प्रश्न म्हणजे कोपरा नेमका कुठे आहे. बॅग म्हणजे खोका नव्हे. बंदांमधली वरची कड ताणलेली असते, तर बंदांच्या बाहेरचे दोन्ही कोपरे सैल होऊन खाली झुकतात. बाजूच्या कडा मध्ये फुगतात आणि तळाचे कोपरे आत गोळा होतात. दिसणाऱ्या कोपऱ्यावर फाइलचा कोपरा टेकवला तर बॅगेची ढिलाई पर्स्पेक्टिव्हमध्ये शिरते आणि लोगो विनाकारण वाकडा होतो.

म्हणून कोपरे शोधायचे ते कापड जिथे ताठ आहे तिथून. वरच्या कडेसाठी दोन बंदांमधली दुमडीची शिलाई धरा आणि ती रेघ मनाने दोन्हीकडे सरळ वाढवा. तळासाठी तळाच्या शिवणीचा मधला भाग घ्या. बाजूंसाठी कापडाचे उभे धागे बघा. कॅनव्हासची वीण मोठी असते, झूम केल्यावर धागा कुठल्या कोनात चालला आहे ते स्पष्ट दिसते. कोपरे बॅगेच्या बाहेर हवेत गेले तरी चालेल. तुम्ही जुळवत आहात तो कापडाचा काल्पनिक सपाट पृष्ठभाग, बॅगेची बाह्यरेषा नव्हे.

आपल्या फोटोत कॅमेरा डावीकडे आहे, त्यामुळे डावी कड जवळची. जुळवल्यावर ती २१०० पिक्सेल आणि उजवी १९६० पिक्सेल भरली. रुंदी समोरून १९०० भरली असती, कोनामुळे ती १७०० वर आली. ही रुंदीतली घट बरेच जण विसरतात. ते उजवी कड लहान करतात पण लोगोची रुंदी तशीच ठेवतात. मग बॅग वळलेली दिसते आणि लोगो मात्र आडवा ताणलेला.

तपासणी: बंदांच्या शिलाईचे चौकोन फोटोतल्या खऱ्या शिलाईवर पडायला हवेत. वरची कड जुळली पण चौकोन आजूबाजूला सरकले, तर बाजूचा एखादा कोपरा चुकला आहे. रेघाटीतला जवळच्या बाजूचा चौकोन दूरच्यापेक्षा किंचित मोठा दिसला पाहिजे. सगळे सारखे दिसत असतील तर तुम्ही नुसते तिरके केले आहे, पर्स्पेक्टिव्ह आलेलाच नाही.

लेअरची अपारदर्शकता पुन्हा १०० टक्के करा. रेघाटी अजून लपवू नका.

## ४. मोठा फुगवटा आणि बारीक चुण्या वेगवेगळ्या हाताळा

कापडाचा आकार दोन प्रकारे बदलतो. बॅगेचे पोट फुगते, हा मोठा आणि मंद बदल. बंदांपासून खाली उतरणाऱ्या चुण्या हा बारीक बदल. दोन्ही एकाच साधनाने करायला गेलात तर दोन्ही बिघडतात.

फुगवटा. जुळवलेल्या लेअरवर उजवी क्लिक करून पुन्हा Convert to Smart Object करा. आता कोन आत बंद झाला आणि बाहेरच्या वेष्टनावर नवे बदल करता येतील. Edit > Transform > Warp घ्या आणि तळाच्या शिवणीचा बाक जसा दिसतो तसा रेघाटीचा खालचा भाग वाकवा. वरचा भाग जवळजवळ हलवू नका, बंदांच्या ताणामुळे तो सपाटच असतो. Warp ने प्रत्येक चुणीमागे धावू नका. रबरासारखी लाटदार अक्षरे तिथूनच येतात.

चुण्या. यासाठी Displace हे फिल्टर आहे. ते एका राखाडी चित्राच्या आधारे पिक्सेल सरकवते. १२८ ही राखाडी छटा म्हणजे सरकणे शून्य, त्याहून उजळ छटा एका दिशेला आणि गडद छटा उलट दिशेला ढकलते. Scale १०० असेल तर पूर्ण टोकाला १२८ पिक्सेल सरकतात.

यातच बहुतेकांची चूक दडलेली आहे. बॅगेचा फोटो नुसता कृष्णधवल करून नकाशा म्हणून दिला, तर फिक्या कापडाची छटा २१८ च्या आसपास असते. ती १२८ हून बरीच वर असल्याने अख्खा लोगोच एका बाजूला सरकतो आणि मेहनतीने जुळवलेली जागा मोडते. शिवाय डावीकडून आलेल्या उजेडामुळे बॅगेची एक बाजू उजळ आणि दुसरी मंद असते. फिल्टरला तो उतारही चुणीच वाटतो.

नकाशा असा करा. फोटोची प्रत घेऊन नवी फाइल करा, ती Image > Mode > Grayscale मध्ये न्या. मग Filter > Other > High Pass लावा, त्रिज्या ४० पिक्सेल. High Pass सगळे चित्र मधल्या राखाडीभोवती आणून ठेवते आणि उजेडाचा मोठा उतार काढून टाकते, म्हणजे वरचे दोन्ही दोष एकाच वेळी जातात. त्यानंतर Gaussian Blur ४ पिक्सेल, म्हणजे विणीचे धागे पुसले जातील. हे पुसले नाहीत तर लोगोची कड करवतीसारखी दातेरी होते. फाइल पीएसडी म्हणून साठवा.

आता लोगोच्या लेअरवर Filter > Distort > Displace घ्या. Horizontal Scale १५, Vertical Scale ८, Repeat Edge Pixels, आणि साठवलेला नकाशा निवडा. आपल्या चुण्या मुख्यतः उभ्या आहेत म्हणून आडवे सरकणे जास्त ठेवले. High Pass नंतर चुणीची छटा १२८ पासून साधारण ४० ने दूर असते. ४० गुणिले ०.१५ म्हणजे ६ पिक्सेल, म्हणजेच प्रत्यक्ष बॅगेवर मिलीमीटरभराहून थोडे जास्त. उथळ चुणीला एवढे पुरते. अक्षरे थरथरल्यासारखी दिसू लागली तर आकडा निम्मा करा. रेघ चुणीच्या उलट दिशेला वाकत असेल तर आकड्याला उणे चिन्ह द्या.

तपासणी: रेघाटीची वळणे आणि फोटोतल्या चुण्या एकाच जागी आहेत का बघा. वळण शेजारी पडत असेल तर नकाशा लेअरच्या मापाशी जुळलेला नाही. अशा वेळी लेअरच्या चौकटीएवढाच भाग कापून नकाशा पुन्हा साठवा आणि फिल्टर नव्याने लावा.

सावध: जिथे कापड स्वतःवरच दुमडले आहे तिथे Displace चालत नाही, कारण तिथे लोगोचा काही भाग दिसताच कामा नये. लेअरची प्रत करा, मास्कने एका प्रतीत घडीच्या डावीकडचा आणि दुसरीत उजवीकडचा भाग ठेवा आणि उजवी प्रत घडीत जेवढे कापड गडप झाले असेल तेवढी आत सरकवा. अशी घडी लोगोच्या नावावरूनच जात असेल तर दुसरा फोटो घेणे बरे.

सगळे जुळले की आतली फाइल उघडा, रेघाटी बंद करा, लोगो चालू करा आणि साठवा.

## ५. सावली लोगोवर आणा, रंग मात्र बिघडू देऊ नका

Multiply हा पटकन सुचणारा मार्ग आहे, आणि फिक्या कापडावर तो अर्धवट चालतो. त्याने चुण्या दिसतात, पण कापडाचा पिवळसरपणाही शाईत मिसळतो. आपल्या कापडाचा रंग २२८, २१८, १९८ आहे. त्यावर ०, ९०, १६० हा निळा Multiply केला की तो ०, ७७, १२४ होतो. म्हणजे मळकट, ग्राहकाने न दिलेला निळा. झाकणारी शाई छापल्यावर खालचे कापड असे रंग खात नाही.

म्हणून लोगोचा लेअर Normal च ठेवा आणि सावली वेगळी काढा. मूळ फोटोची प्रत लोगोच्या वर न्या, तिचा रंग काढून कृष्णधवल करा आणि Alt+Ctrl+G ने ती लोगोला क्लिप करा. या प्रतीचा मोड Multiply. आता आयड्रॉपरचा नमुना 31 by 31 Average वर ठेवून लोगोशेजारच्या सपाट, उजेडातल्या कापडाची छटा मोजा. एकाच पिक्सेलवर मोजली तर विणीमुळे दर क्लिकला वेगळा आकडा येतो. आपल्याकडे २१८ आला. Levels मध्ये पांढरा स्लाइडर २१८ वर आणा. आता सपाट कापड पूर्ण पांढरे झाले, म्हणजे तिथे लोगोचा रंग जसाच्या तसा राहतो. चुणीतली १५० ची छटा १७५ होते आणि लोगो फक्त तिथेच मंदावतो. विणीचा पोतही याच लेअरमधून आपसूक येतो, वेगळे टेक्स्चर शोधायची गरज नाही.

मॅट कापडासाठी याव्यतिरिक्त चमक देऊ नका. चुणीच्या उंचवट्यावर पांढरी रेघ मारली की कापड रेक्झिनसारखे दिसू लागते.

काळ्या लोगोला मात्र एक वेगळी काळजी लागते. शुद्ध काळ्याला कशानेही गुणले तरी काळेच राहते, त्यामुळे चुण्या लोगोपाशी येऊन गायब होतात. मॅट शाईचा काळा उजेडात तितका गडद दिसतही नाही. फोटोतली सर्वांत गडद जागा मोजा आणि लोगोचा काळा त्याच्या आसपास उचला. ३८, ३८, ४० पासून सुरुवात करता येईल. हा बदल फक्त मॉकअपमधला आहे, छपाईच्या फाइलमधला नाही, हे ग्राहकाला आधीच कळवा.

तपासणी: सपाट भागात लोगोचा रंग मोजा. आकडे ०, ९०, १६० च्या जवळ आले पाहिजेत. सगळीकडेच गडद येत असतील तर पांढरा स्लाइडर पुरेसा आत आलेला नाही.

## ६. कड फोटोशी जुळवा

व्हेक्टरची कड कॅमेऱ्याने टिपलेल्या कुठल्याही कडेपेक्षा धारदार असते. लोगोच्या लेअरवर Gaussian Blur ०.६ पिक्सेल लावा. फिल्टरच्या यादीत तो Displace च्या वर असावा, कारण फिल्टर खालून वर चालतात. तुलनेसाठी बंदांच्या शिलाईचा दोरा बघा. लोगोची कड त्या दोऱ्याइतकीच तीक्ष्ण हवी. फोटोला दाणे असतील तर लोगोलाही तेवढेच द्या.

हे सगळे १०० टक्के झूमवर बघा, आणि मग एकदा चित्र आडवे उलटवून बघा. कोनातली चूक सवयीने डोळ्याआड झालेली असते, ती उलट्या चित्रात पटकन दिसते.

## गडद बॅग असेल तर

काळ्या बॅगेवर पांढरा लोगो असताना पायऱ्या त्याच, फरक फक्त पाचव्या टप्प्यात. सपाट कापडाची छटा इथे ४५ च्या आसपास असेल, म्हणजे Levels चा पांढरा स्लाइडर तिथपर्यंत खेचावा लागतो. एवढ्या ताणाने दोन गोष्टी होतात: अंधारातले दाणे फुगून लोगोवर ठिपके येतात आणि ८ बिट फाइलमध्ये सावलीचे पट्टे पडतात. म्हणून रॉ फोटो १६ बिटमध्ये उघडा आणि सावलीच्या प्रतीवर Levels च्या आधी २ पिक्सेलचा ब्लर द्या. लोगोचा पांढराही २५५ ठेवू नका. २३० च्या आसपास ठेवला तर तो त्याच उजेडातली मॅट शाई वाटतो.

ग्राहकाने लोगो बदलून पाठवला तर आतली सपाट फाइल उघडून तिथेच बदला. कोन, फुगवटा, चुण्या आणि सावली जागच्या जागी राहतात. नवा लोगो वेगळ्या प्रमाणाचा असेल तर सेंटिमीटरचे गणित मात्र दुसऱ्या टप्प्यापासून नव्याने करा, आणि छपाईचे माप मॉकअपसोबत लेखी पाठवा: रुंदी, उंची, वरच्या कडेपासूनचे अंतर.